कमिन्सचा अमेरिकेतला वार्षिक रिपोर्ट वाचला त्याची गोष्ट (माझा अनुभव)

आमच्या आईकडे कमिन्स इंडियाचे थोडे शेअर आहेत, किर्लोस्कर कमिन्सच्या काळातले, म्हणजे बाबांनी घेतलेले. आम्ही कर्वेनगरचे, त्यामुळे कमिन्स म्हणजे घरचंच नाव, कॉलेज म्हणू नका बस स्टॉप म्हणू नका. तर 2024 च्या मार्चमध्ये भाऊजी म्हणाले, हे काय इथले शेअर धरून बसलात, सरळ अमेरिकेतली मूळ कंपनी घ्या, म्हणजे पुण्यातला सगळा धंदा आपोआप त्यात आलाच. मला ते काही पटेना, पण पटत नाही म्हणायला हातात काही पायजे ना, म्हणून बसले वाचायला.

एसईसी म्हणजे त्यांची सेबी. तिच्या sec.gov साइटवर एडगर नावाचं भांडार आहे, फुकट, लॉगिन वगैरे काही लागत नाही. Cummins टाकलं की नुसत्या फाइलींचा पूर येतो. त्यातली 10-K तेवढी घ्यायची, तीच वर्षाची मुख्य. कंपनीच्या साइटवरचा चकचकीत फोटोंचा रिपोर्ट नको, 10-K मध्ये फोटो नसतात आणि खोटं लिहिलं तर अंगाशी येतं. मी डिसेंबर 2023 ला संपलेल्या वर्षाची घेतली. (त्यांचं वर्ष डिसेंबरला संपतं, आपल्या कमिन्स इंडियाचं मार्चला, त्यामुळे दोघांचे आकडे शेजारी ठेवून जुळवायला जाऊ नका, मी एक अख्खी संध्याकाळ घालवली त्यात.)

पहिली चूक म्हणजे मी पहिल्या पानापासून वाचायला लागले. धोक्यांचा भाग येईपर्यंत डोळे मिटायला लागले. दुसऱ्या दिवशी फक्त Item 1 वाचलं, धंदा काय ते तिथं साध्या इंग्रजीत असतं. मला वाटायचं कमिन्स म्हणजे इंजिन, तर पाच भाग निघाले: इंजिन, कंपोनंट्स, डिस्ट्रिब्युशन, पॉवर सिस्टिम्स आणि ॲक्सेलेरा म्हणजे बॅटरी-हायड्रोजनवालं. सगळ्यात मोठा भाग कंपोनंट्सचा, इंजिनचा नाही! सगळ्यात मोठं गिऱ्हाईक पॅकार, ट्रकवाले, एकूण विक्रीच्या सोळा टक्क्यांच्या आसपास. एवढं एका गिऱ्हाईकावर असेल तर ते रिपोर्टमध्ये सांगावं लागतं, हे मला माहीत नव्हतं.

मग पाच भागांची विक्री कॅल्क्युलेटरवर बेरजेला घेतली. 11.7, 13.4, 10.2, 5.7 आणि 0.35, सगळं अब्ज डॉलरमध्ये, बेरीज झाली साधारण 41. आणि कंपनीची एकूण विक्री 34! मला वाटलं मीच चुकले, परत केली, परत 41. मग त्याच तक्त्यात खाली वजा होणारी एक ओळ दिसली. कंपोनंट्सवाले टर्बो बनवून इंजिनवाल्यांना विकतात, इंजिनवाले डिस्ट्रिब्युशनला विकतात, ही घरातल्या घरातली विक्री प्रत्येक भागात धरलेली असते आणि शेवटी एकदम काढून टाकतात. म्हणजे ह्या खिशातून त्या खिशात. भागाचा आकार बघताना बाहेरच्या गिऱ्हाइकांना किती विकलं ती ओळ बघायची, ती तिथंच वेगळी दिलेली असते.

आता मालक कोण. हे 10-K मध्ये असेल असं धरून चालले होते. Item 12 उघडलं तर तिथं मालकांबद्दल एवढंच, की हे आमच्या प्रॉक्सी स्टेटमेंटमध्ये बघा. चिडले मी. पण तो रिवाजच आहे तिकडचा, भागधारकांच्या सभेआधी वेगळी फाइल येते, एडगरवर तिचं नाव DEF 14A, 10-K नंतर काही आठवड्यांनी. माझं नशीब की मी शोधली तोवर ती आलेली होती. त्यात पाच टक्क्यांच्या वरचे धनी नावासकट असतात. वर कोण? व्हॅनगार्ड, ब्लॅकरॉक, म्हणजे लोकांच्या फंडांचे पैसे सांभाळणारे. आपल्याकडे प्रमोटर म्हणून जो रकाना असतो तसा कोणी घरातला मालक नाहीच.

आणि मग उपकंपन्या, म्हणजे भाऊजींचा मुद्दा. 10-K च्या शेवटी जोडपत्रं असतात, त्यातलं Exhibit 21. उघडलं की नुसती यादी, नाव आणि कुठल्या देशात नोंदलेली. Ctrl+F मारून India टाकलं. एकाहून जास्त नावं आली, पण कुणात किती टक्के ते लिहिलेलं नव्हतं. नियमाने नाव आणि ठिकाण दिलं की बास, टक्के द्यायलाच पायजेत असं नाही आणि बारक्या कंपन्या गाळल्या तरी चालतात. म्हणून यादीत नाव नाही म्हणजे कंपनी नाही असं समजू नका.

टक्के शेवटी इकडूनच मिळाले. बीएसईच्या साइटवर कमिन्स इंडियाचा शेअरहोल्डिंग पॅटर्न काढला: प्रमोटर कमिन्स इन्कॉर्पोरेटेड, 51 टक्के. आता गंमत बघा, 51 आहेत म्हणून कोथरूडची म्हणजे कमिन्स इंडियाची सगळी विक्री त्या 34 अब्जात धरतात, शंभर टक्के. 51 टक्केच नाही धरत! नफा पण आधी सगळा धरतात आणि अगदी खाली, नफ्याच्या शेवटच्या ओळीच्या आधी, बाकी भागधारकांचा वाटा वजा करतात, noncontrolling interests नावाने. समजा इथं 100 रुपये नफा झाला तर 49 त्या ओळीत बाहेर जातात. ते 49 म्हणजे आमची आई आणि तिच्यासारखे बाकीचे. मी हे तिला वाचून दाखवलं तर म्हणाली, बघ अमेरिकेच्या कागदावर माझी एक ओळ आहे.

टाटा कमिन्सचं मात्र वेगळंच. ती टाटा मोटर्स आणि अमेरिकेतल्या कमिन्सची 50-50 भागीदारी. बरोबर निम्मं असल्यामुळे ताबा एकट्याचा नाही, म्हणून तिची एका रुपयाची विक्रीसुद्धा 34 अब्जात येत नाही, फक्त नफ्यातला हिस्सा येतो, Equity, royalty and interest income from investees ह्या एका ओळीत, चीनमधल्या भागीदाऱ्यांबरोबर. खालच्या टिपांमध्ये मोठ्या भागीदाऱ्यांची नावं आणि हिस्से आहेत, तिथं टाटा कमिन्स सापडली.

आणि हे वाचताना मला कळलं की तो निम्मा हिस्सा अमेरिकेचा आहे, कमिन्स इंडियाचा नाही. म्हणजे आईच्या शेअरमध्ये टाटाच्या ट्रकची इंजिनं त्या वाटेने येतच नाहीत, आणि भाऊजी सांगतात ते अमेरिकेतले शेअर घेतले तर कोथरूडमधलं निम्म्यापेक्षा थोडंच जास्त येतं. दोघांच्या हातात पुण्याचा वेगवेगळा तुकडा!

भाऊजींना व्हॉट्सॲपवर ह्या सगळ्याचे स्क्रीनशॉट पाठवले. नफा कमी दिसतोय म्हणाले, 2022 ला 2.15 अब्ज आणि 2023 ला फक्त 735 दशलक्ष, धंदा बसला का? तर नाही, पिकअप ट्रकच्या इंजिनांच्या धुराच्या केसमध्ये तडजोडीसाठी दोन अब्जांच्या वर रक्कम 2023 च्या शेवटच्या तिमाहीत खर्ची टाकली, कंपनी वर्षाचे आकडे समजावून सांगते त्या Item 7 मध्ये स्पष्ट लिहिलंय. पानाचा नंबर पाठवला, दोन निळ्या टिक आल्या, उत्तर अजून नाही.