कट-ऑफ अपडेट: जादा २४० कास्टिंगचा पत्ता लागला

सुटलं एकदाचं! मागच्या वेळी लिहिलेलं ते कोल्हापूरच्या व्हॉल्व्हवाल्या क्लायंटचं कोडं, ३१ मार्चच्या मोजणीत पुस्तकापेक्षा २४० कास्टिंग जास्त निघाली होती आणि त्यांचे अकाउंटंट म्हणत होते स्टॉक सरप्लस दाखवून टाकू. मी नाहीच म्हणत होतो, कारण १,४५० च्या भावाने ३,४८,००० चा नफा असा हवेतून येत नाही.

मार्चची शेवटची आणि एप्रिलची पहिली जीआरएन, म्हणजे माल स्वीकारल्याची नोंद, बिलं, टॅलीचं डेबुक, सगळं जुळत होतं. मग गेटवरचं इनवर्ड रजिस्टर मागवलं आणि त्यात सापडलं, ३१ मार्च, संध्याकाळी ५:४०, कास्टिंग २४० नग, ट्रक नंबरसकट! माल यार्डात उतरवला, मोजणीवाल्यांनी मोजला, पण क्यूसी झाल्यावरच जीआरएन निघते म्हणून तिच्यावर तारीख २ एप्रिल, आणि बिलही त्याच दिवशी बुक. पीओ काढून बघितली, डिलिव्हरी गेटपर्यंत सप्लायरच्या जबाबदारीवर, म्हणजे गेटमध्ये आला की माल यांचा. क्लोजिंग स्टॉक मोजणीवरूनच धरलाय त्यामुळे माल आत, देणं बाहेर. एंट्री सरळ आहे, मार्चमध्ये खरेदी डेबिट, सप्लायर क्रेडिट, आणि एप्रिलमधली काढायची.

याच्या उलटं ट्रान्झिटमधल्या मालाचं. कोइम्बतूरहून एक्स-वर्क्स घेतलेला, म्हणजे सप्लायरच्या गेटवरूनच यांचा झालेला ५,२०,००० चा माल, ट्रान्सपोर्टची पावती म्हणजे एलआर २९ मार्चची, पोचला ३ एप्रिलला, तो ना स्टॉकमध्ये ना देण्यात. दोन्ही बाजू सारख्याच कमी म्हणून नफ्याला धक्का नाही, त्यामुळे मार्जिन बघून हा कधीच सापडणार नाही, एप्रिलमधल्या जीआरएनच्या एलआर तारखाच बघाव्या लागतात.

विक्रीत एकच निघालं पण क्लासिक. गुवाहाटीला एफओआर डेस्टिनेशन, म्हणजे तिथे पोचेपर्यंत माल यांचाच, बिल ३० मार्च, माल पोचल्याच्या पावतीवर म्हणजे पीओडीवर सही ५ एप्रिलची. विक्री ८,४०,००० मार्चमधून काढायची आणि कॉस्टचे ६,३०,००० स्टॉकमध्ये परत घ्यायचे, नुसती विक्री काढली तर नफा २,१०,००० ऐवजी पूर्ण ८,४०,००० ने पडेल. जीएसटी मात्र बिलाच्या तारखेनेच मार्चमध्ये भरायचा, म्हणजे जीएसटीआर-१ आणि पुस्तकातला फरक रिकन्सिलिएशनमध्ये दाखवायचा. ई-वे बिलावर माझा फार भरवसा नाही, ते निघालं म्हणजे माल पोचला असं होत नाही, पीओडीच हवी.

आता पुढच्या क्लायंटकडे जीआरएनपासून सुरुवात करायचं ठरवलं होतं, पण हे लिहिता लिहिताच वाटतंय की गेट रजिस्टरपासूनच करावी, इनवर्ड आणि आउटवर्ड दोन्ही, २५ मार्च ते ७ एप्रिल, आणि तिथून जीआरएन किंवा बिलाकडे जायचं. उलट दिशेने गेलं तर जे बुकच झालं नाही ते दिसणार कसं? एप्रिलमधल्या क्रेडिट नोटाही काढून ठेवल्यात, मार्चअखेर ढकललेली बिलं तिथेच परत येतात, त्या पुढच्या अपडेटला.