रात्री अकराची खा-खा

तुम्ही विचारलंत म्हणून: “बुटीबोरीहून घरी पोचायला साडेनऊ होतात. दहाला जेवते, तरी अकरा वाजता शेव, चिवडा, नाहीतर काहीतरी गोड लागतंच. झोपायला पाऊण वाजतो, सहाला उठते. दिवसा भूकच नसते, मग रात्रीच असं का होतं? माझा मनावर ताबाच नाही का?”

ताब्याचा प्रश्न बाजूला ठेवा. आधी दिवसाकडे बघू. काम अंगावर आलेलं असतं तेव्हा शरीरात ॲड्रेनलिन वाढतं आणि ते भूक दाबतं. म्हणून दुपारचा डबा अर्धा परत येतो आणि ते आपल्याला जाणवतही नाही. तणावाचं दुसरं संप्रेरक म्हणजे कॉर्टिसॉल. ते हळू चढतं, उशिरा उतरतं आणि भूक वाढवतं, तीही गोड-तेलकटाची. शिवाय माणसाच्या शरीराच्या घड्याळात भूक सकाळी सर्वांत कमी आणि संध्याकाळी आठच्या सुमाराला सर्वांत जास्त असते. दुपारचं राहिलेलं जेवण, उतरत चाललेला ताण आणि घड्याळाची भूक, तिन्ही घराच्या दारातच एकत्र येतात.

त्यात झोप सव्वापाच तास. शिकागो विद्यापीठात 2004 साली बारा निरोगी तरुणांना दोन रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं. पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन 18 टक्क्यांनी घटलं, भुकेचा निरोप देणारं घ्रेलिन 28 टक्क्यांनी वाढलं, आणि त्यांना जास्त हवं होतं ते गोड, खारट, पिठूळ. हा प्रयोग सगळीकडे सांगितला जातो. मला त्यापेक्षा कोलोरॅडोतला 2013 सालचा प्रयोग जास्त मोलाचा वाटतो. तिथे लोकांना पाच रात्री पाच-पाच तास झोपवलं आणि खायला हवं तेवढं ठेवलं. भरपूर खाल्ल्यामुळे त्यांची संप्रेरकं उलट पोट भरल्याचंच सांगत होती. तरी ते खात राहिले, सर्वांत जास्त रात्रीच्या जेवणानंतर. वजन सरासरी 820 ग्रॅम वाढलं. म्हणजे अपुऱ्या झोपेत पोट भरलेलं असूनही हात डब्याकडे जातो, कारण मेंदूला खाण्यातली मजा नेहमीपेक्षा मोठी वाटते आणि ‘आता पुरे’ म्हणणारा त्याचा भाग थकलेला असतो. अकरा वाजता स्वतःला दटावून उपयोग होत नाही, तो यामुळे.

ही खरी भूक की नुसती ओढ, हे ओळखायची साधी खूण आहे. समोर वरण-भात किंवा भाकर-भाजी आहे असं समजा. चालेल वाटलं तर भूक आहे, जेवा. फक्त शेवच हवी असेल तर ती झोपेची आणि ताणाची मागणी आहे.

आता तुमचाच दिवस धरून बदल करू. पहिला बदल संध्याकाळी सहाला, घरी यायच्या बराच आधी. दुसरा छोटा डबा न्या: एक भाकर किंवा दोन पोळ्या, त्यासोबत झुणका, उसळ किंवा दोन उकडलेली अंडी. हा नाश्ता नाही, रात्रीचं अर्धं जेवण आहे. चहा-बिस्किटांवर हे भागत नाही, कारण त्यात प्रथिनं जवळजवळ नसतात आणि तासाभरात पुन्हा पोकळी वाटते. बसायला वेळच नसेल तर मूठभर फुटाणे आणि मूठभर फल्लीदाणे. मग घरी आल्यावर वाटीभर वरण, थोडा भात, भाजी पुरते, आणि जेवण पावणेदहालाच आटोपतं.

सकाळी तर्री-पोहे खात असाल तर खुशाल खा, फक्त चणे वाढवून घ्या आणि वरची शेव कमी. नुसत्या पोह्यांनी अकरा वाजेपर्यंतही निभत नाही. त्या चण्यांनी निभतं.

चहाचं मात्र कडक ठेवा. कॅफिन निम्मं उतरायलाच साधारण पाच-सहा तास लागतात. साडेसहाच्या चहातलं निम्मं बारा वाजताही अंगात असतं. झोप लागली तरी ती उथळ होते, सकाळी पुन्हा दोन चहा लागतात आणि चक्र सुरू राहतं. शेवटचा चहा तीनला. दोन-तीन दिवस डोकं दुखेल. एकदम न तोडता संध्याकाळचा कप आधी अर्धा करा.

झोपेची वेळ एका रात्रीत पाऊणवरून अकरावर आणू नका. पडून राहाल, झोप येणार नाही आणि वैतागून मोबाईल हातात घ्याल. दर तीन-चार दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे या. दोन-अडीच आठवड्यांत पावणेबारा होतील, म्हणजे रोज एक तास जास्त. एवढ्यानं काय होणार, असं वाटेल. 2022 साली शिकागोतच साडेसहा तासांहून कमी झोपणाऱ्या जास्त वजनाच्या माणसांची झोप सुमारे सव्वा तासानं वाढवली, आहाराबद्दल एक शब्दही न सांगता. त्यांचं खाणं रोज सरासरी 270 कॅलरींनी कमी झालं. म्हणून या दोन-अडीच आठवड्यांत डाएट सुरू करू नका. कमी झोपेत कमी खाल्लं तर ओढ आणखी वाढते आणि घटलेल्या वजनात चरबीपेक्षा स्नायूंचा वाटा मोठा असतो.

जेवणानंतरचा मोबाईल बऱ्याच जणांचा दिवसातला एकमेव स्वतःचा वेळ असतो. तो हिरावून घेतला तर बेत आठवड्यातच मोडतो. म्हणून तो ठेवा, पण खुर्चीत बसून, पंचवीस मिनिटं, आणि शेवेचा डबा हाताशी न ठेवता. मग उद्याची कामं कागदावर लिहून काढा. डोक्यात फिरणारी यादी कागदावर आली की झोप लवकर लागते.

नागपूरच्या उन्हाळ्याचं वेगळं सांगायला हवं. झोप लागण्यासाठी शरीराचं तापमान उतरावं लागतं आणि मे महिन्यात रात्री अकरालाही भिंती गरम असतात. झोपायच्या तासभर आधी कोमट पाण्यानं अंघोळ करा, त्यानं त्वचेतून उष्णता बाहेर पडते. कूलर लावताना समोरची खिडकी चार बोटं उघडी ठेवा. खोली बंद असेल तर दमट हवा साचते आणि दोन वाजता घामानं जाग येते. पावसाळ्यात कूलरचा पंप बंद ठेवून नुसता पंखाच चालवा.

रात्रपाळी असेल तर हे वेळापत्रक जसंच्या तसं लागू होत नाही. तिथे मोठं जेवण पाळीच्या आधी, मध्यरात्रीनंतर थोडंसंच, आणि सकाळी घरी येताना गॉगल लावून अंधाऱ्या खोलीत झोप.

आणि सात तास झोपूनही दिवसा डोळे मिटत असतील, घरचे मोठ्या घोरण्याची किंवा झोपेत श्वास अडकल्याची तक्रार करत असतील, सकाळी डोकं जड असेल, तर तो स्लीप ॲप्निया असू शकतो; डबा आणि चहा बदलून तो जाणार नाही, डॉक्टरांकडून झोपेची तपासणी करून घ्या. भुकेसोबत तहान आणि लघवीही वाढली असेल तर आधी रक्तातली साखर तपासा.