आमची वाटचाल : चार मथळ्यांचं पत्र

आमच्या फर्मला बारा वर्षं झाली. त्यातली बरीचशी वर्षं वेबसाइट करण्यात, बिलं काढण्यात आणि पगार वेळेवर देण्यात गेली, त्याबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. लिहायचं आहे ते तिसऱ्या वर्षाबद्दल, आणि काम सुरू करण्याआधी क्लायंटला जो किकऑफ मेल आम्ही त्यानंतर पाठवू लागलो त्याबद्दल. त्या वर्षी आमचं दुकान बंद व्हायची वेळ आली होती.

मशीनचे सुटे भाग विकणारे दोन भाऊ आमच्याकडे आले. कोटेशनमध्ये मी लिहिलं होतं, ‘उत्पादनांसह संपूर्ण वेबसाइट, सहा आठवड्यांत’. 30 टक्के ॲडव्हान्स आला, मी फोनवर ‘सोमवारी सुरू करतो’ म्हणालो आणि सोमवारी सुरू केलं. लेखी एवढंच.

त्यांच्या जुन्या साइटवर 60 उत्पादनं होती. मी तेवढी धरून दर काढला होता. चौथ्या आठवड्यात त्यांच्याकडून एक्सेल आली, तीत 1,140 ओळी. फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये, नावं कॅमेऱ्याने दिलेली, कुठला फोटो कुठल्या कोडचा याचा पत्ता नाही. मी बोललो तर उत्तर आलं, ‘तुम्हीच लिहिलंय ना, उत्पादनांसह?’ शब्द माझेच होते. पाचव्या आठवड्यात धाकट्या भावाने होमपेज नाकारलं. मोठ्याने ते आधीच पसंत केलं होतं, पण धाकट्याला कुणी दाखवलंच नव्हतं. सहा आठवडे उलटले आणि उशीर आमच्या नावावर लागला.

नवव्या आठवड्यात काम दुसऱ्या फर्मकडे गेलं. त्यांनी तीन आठवड्यांत साइट लाइव्ह केली आणि ‘जे इतरांना जमलं नाही’ असं म्हणत मिरवली. हे मला आजही लागतं. त्यांना तीन आठवडे पुरले, कारण तोवर ती एक्सेल साफ झाली होती. आमच्या दोन मुलांनी रात्री जागून 1,140 फोटोंना कोडची नावं दिली होती, आणि ते फोल्डर मी सरळ मनाने क्लायंटला पाठवलं होतं. आमचे 70 टक्के कधीच आले नाहीत. दोन महिन्यांचे पगार मी मुदत ठेव मोडून दिले.

माझा भागीदार त्यानंतर बाहेर पडला. भांडण नव्हतं, त्याच्या घरचा खर्च निघत नव्हता. जायच्या आदल्या दिवशी त्याने त्या कामाचा सगळा पत्रव्यवहार काढायला लावला. नऊ आठवड्यांत तीन मेल, बाकी सगळं फोनवर. त्याने एक कोटेशन पालथं घालून मागे चार मथळे लिहिले: काय करणार, कधी करणार, कोण बोलणार, आधी काय हवं. आमचा किकऑफ मेल आजही याच चार मथळ्यांवर उभा आहे. तो कागद माझ्या खणात आहे.

हा मेल पहिल्यांदा गेला तो प्रयोगशाळेची काचेची उपकरणं बनवणाऱ्या एका मॅडमना. आजवर त्यांनी आम्हाला पाच कामं दिली. त्या पहिल्या मेलमधला मुख्य भाग असा होता:

‘मॅडम, ॲडव्हान्स मिळाला, आभार. कामात 8 पानं आणि 120 उत्पादनं आहेत. उत्पादनांची माहिती आम्ही दिलेल्या एक्सेलच्या नमुन्यात तुम्ही द्यायची, साइटवर आम्ही चढवायची. प्रत्येक डिझाइनला दोन फेऱ्यांपर्यंत दुरुस्ती. मजकूर लिहिणं, फोटो काढणं आणि इंग्रजी आवृत्ती यात नाही. खालच्या चार गोष्टी पूर्ण मिळतील तो दिवस 1. तिथून कामाच्या 30 दिवसांत साइट तपासणीसाठी तयार होईल. आम्ही काही दाखवलं की 3 दिवसांत उत्तर हवं. त्याहून जितके दिवस लागतील तितकी तारीख पुढे जाईल. अंतिम मंजुरी देणाऱ्या एकाच व्यक्तीचं नाव कृपया कळवा.’

यातलं ‘यात नाही’ हे वाक्य लिहिताना हात अडखळतो. नव्या क्लायंटला पहिल्याच मेलमध्ये नकार कसा द्यायचा, असं वाटतं. तरी लिहा. कामात काय आहे ते आकड्यात लिहा, आणि क्लायंट मनात जे धरून बसला असेल ते काढून ‘यात नाही’मध्ये टाका. फक्त कोटेशन शेजारी ठेवून लिहा. कोटेशनमध्ये नसलेली अट या मेलमध्ये घुसवली, तर क्लायंट चिडेल आणि ते बरोबरच असेल.

आधी काय हवं, इथे मीही बराच काळ चुकलो. एका कामात 22 गोष्टींची यादी पाठवली आणि तीन आठवडे एकही आली नाही. एवढी यादी पाहिली की माणूस ‘निवांत बघू’ म्हणून मेल बाजूला ठेवतो. आता ज्याच्यावाचून हातच घालता येत नाही तेवढंच मागतो: डोमेनचा ॲक्सेस, लोगोची मूळ एसव्हीजी फाइल (व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो नव्हे), पानांची पक्की यादी आणि भरलेल्या एक्सेलच्या पहिल्या दहा ओळी. दहाच ओळी, कारण नमुना चुकीचा भरला जातोय का ते तेवढ्यात दिसतं. पेमेंट गेटवेची कागदपत्रं, उरलेला मजकूर, सगळं नंतर, आपापल्या तारखेसह.

यात डोमेन सगळ्यात वर ठेवा. पासवर्ड मेलवर मागू नका, डोमेन ज्याच्याकडून घेतलं त्या रजिस्ट्रारच्या खात्यात आपल्याला वेगळा ॲक्सेस द्यायला सांगा. मॅडम म्हणाल्या होत्या, ‘डोमेन आमचंच आहे.’ ॲक्सेस द्यायला बसल्या तेव्हा कळलं की खातं जुन्या साइटवाल्याच्या मेलवर आहे, आणि तो फोन उचलत नव्हता. ताबा मिळायला 19 दिवस गेले. आमचा दिवस 1 तोवर उजाडलाच नव्हता, म्हणून त्या 19 दिवसांचा उशीर कुणाच्या माथी आला नाही. हेच लाइव्ह करायच्या आदल्या रात्री कळलं असतं तर तयार साइट घेऊन आम्ही बसून राहिलो असतो. शिवाय ॲक्सेस लवकर मिळाल्याने दिसलं की त्यांच्या ऑफिसचे मेल याच डोमेनवर चालतात. डोमेनचे मेल कुठे पोचवायचे ते सांगणारे एमएक्स रेकॉर्ड नव्या जागी न उतरवता, डोमेनच्या सगळ्या नोंदी जिथे असतात तो नेमसर्व्हर बदलला असता, तर साइट सुरू आणि ऑर्डरचे मेल बंद, अशी गत झाली असती.

एक गोष्ट तरुण मुलांना सांगतो. मेल पाठवला म्हणजे मान्य झाला असं धरू नका. आम्ही शेवटी लिहितो, ‘वरील मान्य असल्यास मंजुरी देणाऱ्याच्या नावासह उत्तर द्यावे, त्यानंतर काम सुरू होईल.’ दोन दिवस उत्तर नाही आलं तर मी स्वतः फोन करतो. फोनवर ‘हो, बघितला, चांगलाय’ ऐकलं तरी लेखी उत्तर येईपर्यंत फाइल उघडत नाही.

मागच्या महिन्यात त्या दोन भावांपैकी धाकट्याचा फोन आला. साइट नव्याने करायची आहे, आमच्याकडूनच. जुन्या पैशांचा विषय त्याने काढला नाही. मी काढला, आणि ते आल्यावरच ॲडव्हान्स घेतला. मग बैठक झाली, त्याच संध्याकाळी मेल गेला. उत्तर आलं, पण मंजुरी देणारे म्हणून दोघांचीही नावं होती. मी परत लिहिलं की नाव एकच हवं. आज अकरावा दिवस आहे, उत्तर आलेलं नाही आणि काम सुरू केलेलं नाही.