पावसात गाडीतून दिलेलं उत्तर

आज संध्याकाळी मडगावहून म्हापशाला येताना झुआरी पुलाआधी धाकट्या भावाचा मेसेज आला. फोन गाडीला जोडलेला होता, गाडीच्या स्क्रीनवर फक्त त्याचं नाव दिसलं, मजकूर नाही. हे मला अगदी योग्य वाटतं, कारण अक्षरं दिसली की नजर रस्त्यावरून हटतेच. नावावर बोट ठेवलं, फोनच्या आवाजाने मेसेज वाचून दाखवला, पण कळलं काहीच नाही. त्याने रोमन लिपीत लिहिलं होतं, "Tai, aushadh ghe". माझा फोन इंग्रजीवर आहे, त्यामुळे आवाजाने 'ताई'चा 'टाय' केला आणि औषध तर ओळखूच येईना. पुन्हा ऐकल्यावर अंदाज आला.

उत्तर इंग्रजीत बोलले, "Reaching by six, will get it." पाऊस छपरावर कोसळत होता, एसीचा पंखाही पूर्ण वेगात. पाठवण्याआधी मजकूर परत ऐकवला जातो, तेव्हा 'सिक्स'चं 'सिक्स्टी' झालेलं कळलं. पाठवलं नाही. पंखा अगदी कमी केला, माइककडे येणारी झडपही वळवली (आमच्या गाडीत माइक वरच्या दिव्यापाशी आहे), आणि सावकाश बोलले. या वेळी बरोबर उमटलं.

तो परत ऐकवण्याचा टप्पा काही जण वेळ वाचवायला बंद करतात. कृपा करून चालू ठेवा. घरच्यांनाही सांगितलंय, मी गाडीत असताना दोन-तीन सोपे शब्दच लिहा, आणि घाईचं असेल तर सरळ फोन करा.