काचेचा रकाना: एका खोलीच्या हीट लोडचा माझा अनुभव

खोलीसाठी किती टनाचा एसी घ्यायचा, एवढाच प्रश्न होता. पुरवठादाराने फॉर्म पाठवला, मी भरला, आणि उत्तर आलं: २ टन. खोली ४ बाय ५ मीटरची, उंची ३ मीटर, आत बसणारे दोघे. मला काही ते पटेना. हिशेब दाखवा म्हटलं, तर ‘सॉफ्टवेअरने काढलाय’ एवढंच ऐकायला मिळालं. आकडेमोडीचं पान हाती यायला अकरा दिवस आणि सात फोन लागले. ती चीड अजून गेलेली नाही, हे आधीच सांगून टाकतो.

भिंती, माणसं, दिवे हे सगळं अर्ध्या तासात उरकलं. भिंतीचं क्षेत्रफळ, तिचा यू आणि आत-बाहेरच्या तापमानातला फरक यांचा गुणाकार केला की झालं. यू म्हणजे एक अंश फरकाला एका चौरस मीटरमधून किती वॅट आत येतात तो आकडा. दोन्हीकडून प्लास्टर केलेल्या नऊ इंची विटेच्या भिंतीचा तो साधारण २ असतो. बाहेर ४० आणि आत २५ अंश धरले होते. उन्हात तापणाऱ्या पश्चिमेच्या भिंतीला १५ ऐवजी २० अंशांचा फरक धरून ४२० वॅट आले. आतल्या तीन भिंतींपलीकडे एसी नाही, तिथे ५ अंश धरून ३९०. बसून काम करणारा माणूस घाम-श्वासासकट ११५ वॅट उष्णता देतो, म्हणजे दोघांचे २३०. फटींतून येणाऱ्या हवेचे २५०.

अडलो ते काचेपाशी. फॉर्ममध्ये ‘काचेचे क्षेत्रफळ’ असा एकच रकाना. दिशा लिहायला जागा नाही, सावली लिहायला तर नाहीच. मी समासात ‘पश्चिम, वर छज्जा नाही’ असं पेनने लिहिलं. ते कुणी वाचलं नाही, हे पुढे कळलंच.

काचेतून उष्णता दोन वाटांनी येते आणि त्या वेगवेगळ्या मोजाव्या लागतात. पहिली भिंतीसारखीच. फ्रेम वजा करून माझी काच ४ चौरस मीटर (भोक मोजलं असतं तर साडेचार भरली असती, त्यामुळे टेप काचेवरच धरा). साध्या एकेरी काचेचा यू ५.७ च्या आसपास, म्हणून ५.७ गुणिले ४ गुणिले १५, म्हणजे ३४० वॅट. दुसरी वाट थेट उन्हाची, आणि तिचा बाहेरच्या तापमानाशी संबंधच नाही. दुपारी साडेचारला पश्चिमेच्या उभ्या काचेवर दर चौरस मीटरला ६५० वॅट ऊन पडतं असं धरलं. साधी काच त्यातलं सुमारे ८० टक्के आत सोडते. ६५० गुणिले ०.८ गुणिले ४, म्हणजे २०८० वॅट! अख्ख्या पश्चिमेच्या भिंतीच्या पाचपट, एकट्या खिडकीतून.

हीच काच उत्तरेला असती, तर सावलीतला नुसता उजेड आत आला असता आणि हा आकडा कितीतरी खाली गेला असता. फॉर्मला दोन्ही खिडक्या सारख्याच. पान हाती आल्यावर कळलं की त्यांचा तक्ता कुठल्याही काचेला सर्वांत वाईट दिशेचा गुणक लावतो. माझी खिडकी खरंच वाईट दिशेची, म्हणून आकडा माझ्याशी जुळला. त्याचं श्रेय मी तक्त्याला देणार नाही.

मग ऊन अडवायचं कुठे? ‘आत जाड पडदा लावा की’, असा सल्ला फोनवर मिळाला. एका दुपारी आतला पडदा ओढून बसलो. पाचला पडद्याला हात लावला तर तो इस्त्री केलेल्या कापडासारखा गरम. काच ओलांडून आलेली उष्णता पडद्याने झेलली होती आणि आता तो ती खोलीतच सोडत होता. फिका पडदा थोडं ऊन परत बाहेर फेकतो, पण सगळं नाही. दुसऱ्या दिवशी तसंच कडक ऊन असताना खिडकीबाहेर, काचेपासून वीतभर अंतरावर, पांढरं कापड ताणून बांधलं. टेबलावरचा थर्मामीटर आदल्या दिवशी पाचला ३६.५ होता, त्या दिवशी ३३. कापड या वेळीही तापलं, पण त्याची उष्णता बाहेरच्या वाऱ्यावर गेली. बाहेरच्या आडोशाने उन्हाचा हिस्सा चौथाईवर येतो असं धरलं, तर २०८० चे ५२० होतात.

आता उरलेली दोन भांडणं. छतावर ५० मिलिमीटर इन्सुलेशन आहे, आणि ‘इन्सुलेशन: होय’ असं मी लिहिलंही होतं. जाडीचा रकाना पुढच्या पानावर होता, तो माझ्याकडून सुटला. तक्त्याने मला न विचारता ‘नाही’ धरलं. उघड्या स्लॅबचा यू ३.३, इन्सुलेशनसह साधारण ०.५. तापलेल्या छताला २५ अंशांचा फरक धरला, तर २० चौरस मीटरचे त्यांनी १६५० वॅट काढले, खरे २५०. चूक माझीही होती, मान्य. पण विचारायला काय झालं होतं?

दुसरं भांडण संगणकाचं. पॉवर सप्लायवर ६५० वॅट छापलंय, म्हणून त्यांनी ६५० घेतले. ती त्याची कमाल क्षमता झाली. प्लगमध्ये मीटर लावून दिवसभर पाहिलं, तर मॉनिटरसकट १५० च्या वर क्वचितच. दिव्यांचे ४० धरून माझे १९० झाले. कुठल्याही उपकरणाची पाटी वाचून लिहू नका, मीटर लावा.

त्यांची बेरीज ६०५० वॅट, वर २० टक्के ‘सेफ्टी’, म्हणजे ७२६०. टनाला ३५१७ वॅट या हिशेबाने २ टन. माझी बेरीज ४१५०, म्हणजे १.२ टनाच्या जरा खाली. बाहेर आडोसा धरला तर २५९०, म्हणजे पाऊण टन. सेफ्टी मी लावलीच नाही. एक तर उन्हाची सगळी उष्णता त्याच क्षणी हवेत येत नाही. बरीचशी फरशी आणि फर्निचर शोषतं आणि मागाहून सोडतं. शिवाय प्रत्येक आकडा मी आधीच कडक दुपारचा घेतला होता. फाजील मोठं यंत्र खोली झटकन गार करून थांबतं, कॉइलवर पाणी धरायला वेळच मिळत नाही, आणि आपण गारठलेल्या दमटपणात बसतो. इन्व्हर्टर स्वतःला बराच खाली आणतो, पण त्यालाही तळ असतो.

हो, हे आधीच सांगायला हवं होतं: कॅटलॉगमधली क्षमता बाहेर ३५ अंश असतानाची असते. ४० ला ती थोडी घटते. म्हणून पाऊण टनाच्या लोडला १ टनाचं यंत्र घेतलं, नेमकं पाऊण टनाचं नाही.

कापडाच्या जागी आता बाहेरून गुंडाळायचा बांबूचा पडदा आहे. मागच्या आठवड्यात तो खाली सोडायला विसरलो. साडेचारनंतर एसी न थांबता चालत राहिला, पण काटा २७ च्या खाली काही येईना. उठून पडदा सोडला, आणि साडेसहाला खोली २५ वर आली.