न येण्याचे पैसे

तुम्ही विचारलंत: "सर, मतदान सक्तीचं केलं तर पैसेवाटप थांबेल का? आणि अशी सक्ती म्हणजे माणसाचा मान राखणं, की त्याला वापरून घेणं?"

नोकरीच्या काळात सांगली जिल्ह्यात बऱ्याच निवडणुकांना मी मतदान केंद्रावर होतो. आधी मतदान अधिकारी, नंतर केंद्राध्यक्ष. त्यामुळे जुन्या विद्यार्थ्यांना वाटतं की पाकिटांचं गणित सरांना ठाऊक असणार. वाटणाऱ्यांइतकं नाही. पण टेबलामागे बसून एक गोष्ट लख्ख दिसते. मत कोणाला दिलं हे कोणालाच कळत नाही. माणूस आला की नाही, हे मात्र सगळ्या खोलीला कळतं.

मतदार आत आला की पहिला अधिकारी त्याचं नाव आणि यादीतला क्रमांक मोठ्यानं वाचतो. बाकावर बसलेले उमेदवारांचे एजंट आपापल्या यादीवर खूण करतात. दुपारी तीनच्या सुमाराला कोणत्या गल्लीतलं कोण यायचं राहिलंय, हे त्यांना तोंडपाठ असतं. पडद्याआड मात्र त्यांचा काही इलाज चालत नाही. म्हणून तर आदल्या रात्री, जिला कार्यकर्ते वैऱ्याची रात्र म्हणतात, पाकिटाबरोबर शपथ म्हणून देवाचा भंडारा उचलायला लावतात. देव मध्ये घालावा लागतो, कारण पुरावा मिळत नाही. आमच्या गावच्या एक मावशी मला म्हणाल्या होत्या, "मास्तर, दोघांचंबी घेतलं. दिलं ज्याला द्यायचं त्यालाच." त्यांनी भंडारा उचलला होता का, हे मी विचारलं नाही.

आता हिशेब बघा, नगरपालिकेच्या एखाद्या प्रभागाचा, मनाशी मांडलेला. सातशे माणसं मत देणार आहेत. एकाची पक्की ३३०, दुसऱ्याची ३७०. पहिल्याला जिंकायचं तर समोरची २१ मतं फोडून आपल्याकडे वळवावी लागतील: ३५१ विरुद्ध ३४९. नाहीतर समोरची ४१ माणसं घरी बसवावी लागतील: ३३० विरुद्ध ३२९. म्हणजे वळवलेलं एक मत हे घरी बसवलेल्या जवळजवळ दोन माणसांच्या तोडीचं. तरी वळवायला पैसे दिलेल्यांतला अर्धा माल त्या मावशींसारखा निघाला, तर २१ मतांसाठी ४२ पाकिटं लागतात. घरी बसवण्याच्या व्यवहारात मात्र फसवणूक होतच नाही, कारण आलेला माणूस दिसतो. हे गणित ज्याला कळलं तो विरोधकाच्या गल्लीत फिरतो आणि सांगतो, आम्हाला मत देऊ नका, फक्त येऊ नका.

त्याचीही खात्री करायच्या युक्त्या आहेत. ओळखपत्र ठेवून घेणं ही जुनी. दुसरी शाईची. एका संध्याकाळी माझ्या केंद्रावर एक बाई आली. डाव्या तर्जनीवर आधीच रेघ होती, नखाच्या कडेला जांभळी-काळी पडलेली. वहीत तिची सही नव्हती, यादीत तिच्या नावावर खूण नव्हती. नियम असा की बोटावर आधीच खूण असेल तर मत देता येत नाही. मी विचारलं, शाई कुठं लागली? ती खाली बघत म्हणाली, "काल रात्री." मग थोडं थांबून, "पैसे परत दिले तरी पुसत न्हाई व्हय?" मी तिला परत पाठवलं. नियमाप्रमाणे केलं, पण त्या रात्री झोप लागली नाही. ज्यानं शाई लावली, त्याचं काम मीच पुरं केलं होतं.

लोकांना वाटतं, सक्ती आली की हा घरी बसवण्याचा बाजार उठेल. थोडा उठेलही. ऑस्ट्रेलियात १९२२ ला साठ टक्क्यांच्या आत मतदान झालं होतं. १९२४ ला सक्तीचा कायदा आला आणि पुढच्याच वर्षी आकडा ९१ च्या वर गेला. सगळेच येणार असतील तर घरी कोणाला बसवणार? पण आपल्याकडचा नमुना आठवा. गुजरातनं स्थानिक निवडणुकांसाठी सक्तीचा कायदा केला, २०१५ मध्ये दंड ठरवला शंभर रुपये, आणि उच्च न्यायालयानं त्याला त्याच वर्षी स्थगिती दिली. तो लागू झाला असता तर काय झालं असतं? त्या बाईला पाचशे मिळाले असतील तर पुढच्या वेळी सहाशे मिळाले असते. दंड वाटणाऱ्याच्या खर्चात धरला गेला असता, एवढंच.

आता मानाचं. जर्मन तत्त्वज्ञ कांट म्हणतो की ज्याच्या जागी तेवढ्याच मोलाचं दुसरं काही ठेवता येतं, त्याला किंमत असते. ज्याच्या जागी काहीच ठेवता येत नाही, त्याला प्रतिष्ठा असते. माणसाला *केवळ* साधन म्हणून वागवू नये, हेही त्याचंच. त्यातला 'केवळ' लोक गाळतात. एसटीचा ड्रायव्हर माझं साधनच असतो, पण केवळ साधन नसतो. पाकीट वाटणाऱ्याच्या यादीत त्या बाईच्या जागी कुठलीही बाई चालली असती. हे केवळ साधन.

सक्तीला मी सरसकट त्याच रांगेत बसवत नाही. सक्ती असते हजेरीची, निवडीची नव्हे. २०१३ पर्यंत आपल्याकडे हा फरक गुप्तपणे करायला जागाच नव्हती. कोणालाच मत द्यायचं नसेल तर केंद्राध्यक्षाला तसं सांगायचं, तो वहीत शेरा लिहिणार, त्याखाली सही करायची. माझ्या केंद्रावर एका शिक्षकानं ती केली तेव्हा बाकावरचे सगळे एजंट माना वर करून बघत होते. सर्वोच्च न्यायालयानं नेमका हाच गुप्ततेचा मुद्दा धरून 'नोटा'चं बटण द्यायला लावलं. ते बटण असताना "या, आणि हवं तर कोणालाच देऊ नका" असं म्हणणं मला अपमानाचं वाटत नाही. पण लाचेच्या कलमात निवडणूकविषयक हक्काची जी व्याख्या आहे, तीत मत देण्याबरोबर मत न देण्याचाही हक्क धरलेला आहे, हे सक्तीवाले विसरतात. त्याच कायद्यात घेणारी बाई आणि देणारा दोघंही सारखेच गुन्हेगार, वर्षापर्यंत कैद. हे मला कधी पटलं नाही.

माझी खरी अडचण वेगळीच आहे. विटा-खानापूर भागातली गलाईवाली माणसं दक्षिणेपासून दिल्लीपर्यंत सोनं गाळतात, नावं मात्र इथल्या यादीत. उलट बीडकडचे ऊसतोड मजूर आमच्या फडात असतात आणि नावं तिकडे. २०२४ ची विधानसभा २० नोव्हेंबरला होती, म्हणजे तोडीच्याच दिवसांत. पोस्टानं मत देण्याची सोय सैनिक, निवडणूक कर्मचारी, पंच्याऐंशीच्या वरचे, दिव्यांग अशा थोड्यांनाच. यांना नाही. उमेदवारानं मतदारांना फुकट केंद्रावर न्यायला गाडी भाड्यानं घेणं हा भ्रष्टाचार ठरतो, तरी मतदानाच्या दिवशी गाड्या कशा येतात ते आपण सगळे बघतो. सक्ती आणून मजुराला जिथं आहे तिथं मत देता येणार नसेल, तर दंड टाळायला त्याला गाडी लागणार, आणि ती गाडी पाठवणारा कोण हे ठरलेलंच आहे. म्हणजे ज्याच्यापासून त्याला सोडवायचं, त्याच्याच दारात सरकार त्याला नेऊन उभं करणार. टक्का वाढेल, चांगला फोटो छापून येईल. आकडा भरायला माणूस लागतो, कोणताही चालतो. मग वैऱ्याच्या रात्रीच्या यादीत आणि सरकारच्या यादीत फरक काय राहिला?

तोडीवरच्या मजुराला फडाजवळच्या शाळेत मत देता येऊ दे, मग माझ्याकडे परत या, सक्तीवर बोलू. आणि ती सोय होईपर्यंत, आधीच शाई लागलेलं बोट घेऊन आलेल्या बाईचं काय करायचं, एवढा नियम तरी बदला.