पहिल्या मजल्यावरचा उंदीर

माझा भाचा एका हाताने भेळ खात होता आणि दुसऱ्या हाताने माझा गेम खेळत होता, तेव्हा मला कळलं की काहीतरी बिघडलंय.

गेमचं नाव ‘तळघर’. जुन्या नाशकातल्या आमच्या आजोळच्या वाड्याला तळघर होतं. लहानपणी तिथे पाय ठेवायची बंदी होती, त्यामुळे ते डोक्यातून कधी गेलंच नाही. दिवसा मी अंबडच्या एका कारखान्यात हिशेब सांभाळते आणि रात्री गोडो या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये हा रोगलाइक गेम रचते. तीन मजले खाली उतरायचं, प्रत्येक फेरीत खोल्यांची मांडणी वेगळी, मेलात की पुन्हा वरून सुरुवात. १९८० च्या मूळ ‘रोग’ या गेममध्ये मेल्यावर काहीच उरत नसे. आजच्या खेळणाऱ्याला तेवढं कोरडं चालत नाही, म्हणून मी कवड्या ठेवल्या. उंदीर मारला की कवडी मिळते. मेल्यावर त्या कवड्यांतून दोन गोष्टी कायमच्या वाढवता येतात, काठीचा जोर आणि तब्येत. दोन्हींच्या दहा-दहा पायऱ्या आणि प्रत्येक पायरीला दहा टक्के वाढ.

“मावशी, उंदीर काहीच करत नाहीत,” भाचा म्हणाला. ही त्याची बाविसावी फेरी होती. पहिला मजला त्याने भेळेचा घास न थांबवता साफ केला आणि तिसऱ्या मजल्यावरच्या नागाने त्याला दोन फटक्यांत लोळवलं. आदल्या दिवशीही तो तिथेच मेला होता, त्याच्या आदल्या दिवशीही.

आधी मला वाटलं, पोरगा सरावलाय, म्हणून पहिला मजला सोपा जातोय. गेम प्रत्येक फेरीची एक ओळ फाइलमध्ये लिहून ठेवत होता: फेरी कितवी, पायऱ्या किती, पहिल्या मजल्यावर किती मार बसला, मरण कुठे आलं. त्या ओळी बघून काहीच ठरवता येईना. फेऱ्या वाढतात तसा हातही सुधारतो आणि पायऱ्याही वाढतात, दोन्ही एकत्रच. मग मी दोन सेव्ह फाइली केल्या, एक कोरी आणि एक सगळ्या पायऱ्या चढलेली. कोरी भाच्याला दिली. भरलेली दिली वहिनीला, जिने मोबाइलवर पत्ते सोडले तर कधी काही खेळलेलं नाही.

वहिनीने पहिल्याच प्रयत्नात पहिला मजला पार केला. वीस घावांइतकी तब्येत होती, त्यातले तीनच बसले. भाचा कोऱ्या फाइलवर पहिल्या मजल्यावर दोनदा मेला. बावीस फेऱ्या खेळलेला पोरगा! सोपेपणा हातातून आलेला नव्हता, दुकानातून विकत घेतलेला होता.

आता उंदराकडे नीट बघायला हवं. उंदराचा जीव ३०, काठीचा घाव १०. म्हणजे तीन फटके. काठीचे फटके ०.४, ०.८ आणि १.२ सेकंदांना पडतात. उंदीर जवळ आला की अर्ध्या सेकंदाने दात विचकतो आणि ०.९ सेकंदाला चावतो. चावा तिसऱ्या फटक्याच्या आधी येतो, म्हणून दात दिसले की मागे सरकायचं आणि मग शेवटचा फटका मारायचा. पहिला मजला एवढंच शिकवायला होता. खालचा नागही तसाच आहे, फणा उभारतो आणि मग डसतो, फक्त दुप्पट वेगाने.

जोराची कितवी पायरी काय करते ते काढायला एक ओळ पुरते:

```
ceil(30.0 / (10.0 * (1.0 + 0.1 * level)))
```

`level` मध्ये ० ते ४ घाला, उत्तर ३ येतं. ५ घाला, २ येतं, आणि दहापर्यंत २ च राहतं. म्हणजे पहिल्या चार पायऱ्यांच्या कवड्या उंदराच्या बाबतीत पाण्यात गेल्या आणि पाचवी घेताच उंदीर ०.८ सेकंदाला मेला, चाव्याच्या आधी. दात विचकणं दिसतं, पण त्याला अर्थ उरत नाही. टक्क्यांनी हळूहळू वाढ होतेय असं मी समजत होते, प्रत्यक्षात एका खरेदीत अख्खा धडा गळून पडत होता. भाच्याने पाचवी पायरी नवव्या फेरीनंतर घेतली होती. त्यानंतर तेरा फेऱ्या तो फक्त बटण दाबत होता, मागे सरकायची सवय मोडली होती आणि नागासमोर तो उभाच्या उभा डसला जात होता.

पहिला उपाय सुचला तो सगळ्यांना सुचतो, आणि तो वाईट आहे. खेळणाऱ्याच्या पायऱ्या वाढतील तसा उंदराचाही जीव वाढवायचा. रविवारी बसून केला. भाच्याने अर्धा तास खेळून विचारलं, “मग मी घेतलं कशाला? घेतलं काय न घेतलं काय, उंदीर तेवढ्याच काठ्यांत मरतो.” त्याच रात्री तो बदल काढून टाकला.

मग दुसऱ्या बाजूने विचार केला: कायमचं जे मिळतं, ते पहिल्या मजल्यावर लागूच पडू नये अशी त्याची रचना करता येईल का? ‘हेडीस’ या गेममध्ये ‘अंधार’ नावाच्या कमाईच्या मोबदल्यात एका आरशातून काय काय मिळतं, त्यात मरणाला चकवणारी एक ताकद आहे: जीव संपला की त्या फेरीत पुन्हा उभं राहता येतं. एकाही खोलीतला शत्रू त्याने मऊ पडत नाही, चूक झाल्यावरच ती कामाला येते. त्यावरून मी तब्येतीच्या दहाही पायऱ्या रद्द केल्या आणि त्यांच्या जागी कंदिलाचं तेल आणलं. एक मजला उतरून दुसऱ्यात पाऊल टाकताना कंदील भडकतो आणि पायरीमागे १५ ने तब्येत भरते. तीन पायऱ्या, जास्तीत जास्त ४५. पहिल्या मजल्याला वरून दार नाही, त्यामुळे तिथे तेलाचा उपयोग शून्य.

काठीच्या जोराच्या दोनच पायऱ्या ठेवल्या, अगदी काढून टाकायला मन होईना. मात्र त्या टक्क्यांत न ठेवता फटक्यांचा हिशेब करून बसवल्या. दुसऱ्या मजल्यावरच्या घुशीचा जीव ५०, तिला १० च्या काठीने पाच फटके लागतात. पहिल्या पायरीला घाव १३ केला: घूस चार फटक्यांत, उंदीर अजून तीनच. दुसरीला १४: घूस चारच, पण २८ जिवाचं वटवाघूळ तीनवरून दोनवर आलं, आणि वटवाघळं पहिल्या मजल्यावर नाहीतच. प्रत्येक पायरीने कुठेतरी एक फटका वाचतो, म्हणजे घेणाऱ्याला ती जाणवते, आणि उंदराला मात्र धक्का लागत नाही. पंधरावर मी कधीच जाणार नाही हे वहीत लाल पेनने लिहून ठेवलंय.

बाकीच्या कवड्या नवीन वस्तूंकडे वळवल्या: गोफण, चिमटा, धुरी. या ताकद देत नाहीत, पर्याय देतात. गोफणीने लांबून मारता येतं, पण दगड सातच. इथे एक खोच लक्षात आली नव्हती. दहा वस्तू उघडल्या की पेटीतून हवी ती निघण्याची शक्यता घटते, म्हणजे जास्त फेऱ्या खेळलेला माणूस उलट तोट्यात! तात्पुरता तोडगा म्हणून नवी उघडलेली वस्तू पुढच्या फेरीच्या पहिल्या पेटीत हमखास येते आणि प्रत्येक पेटी एक लांबून मारायची, एक जवळून मारायची आणि एक बचावाची अशी तीन ताटं मांडते. पूर्ण समाधान नाही, पण तक्रारी थांबल्या.

कवड्यांचा मुद्दा सगळ्यात उशिरा सुटला, खरं तर तो आधी सोडवायला हवा होता. उंदीर मारून कवडी मिळत असल्याने भाच्याने शोध लावला होता की पहिला मजला साफ करायचा, चौदा कवड्या घ्यायच्या आणि मुद्दाम मरायचं. तीन मिनिटांत चौदा. अयशस्वी फेरीला बक्षीस द्यायचं म्हणता म्हणता मी आत्महत्येला पगार सुरू केला होता. ‘रोग लेगसी’ या गेममध्ये वाड्यात शिरताना दारावरचा कॅरन उरलेलं सोनं काढून घेतो, म्हणजे साठवून ठेवण्याची सोय नाही. माझी अडचण साठवणुकीची नव्हती, कमाई चुकीच्या जागी होती.

उत्तर रामकुंडावर मिळालं, म्हणजे दुतोंड्या मारुतीपाशी. पूर आला की नाशिककर आकडे विचारत नाहीत, पाणी मारुतीच्या कुठवर आलं ते विचारतात. गुडघ्याला, कमरेला, छातीला. गेमच्या भिंतीवर मी तशीच पूररेषा काढली, जिथवर तुम्ही आजवर पोहोचलात तिथे एक शेंदरी खूण. मारण्याचे पैसे बंद केले, खोल्यांचे सुरू केले: पहिल्या मजल्यावर खोलीला एक कवडी, दुसऱ्यावर तीन, तिसऱ्यावर सहा, आणि आपलीच खूण ओलांडली तर त्या खोलीचे दुप्पट.

भाच्याची एक फेरी घेऊन हिशेब केला. पहिल्या मजल्यावर पाच खोल्या, पाच कवड्या. दुसऱ्यावर पाच, पंधरा. तिसऱ्यावर दोन खोल्या करून मेला, बारा. त्यातली शेवटची त्याच्या खुणेच्या पलीकडची, म्हणून आणखी सहा. एकूण ३८. पहिल्या मजल्यावर मरून आता पाचच मिळतात. नागापर्यंत जाऊन हरलेल्याला तोंडघशी पडल्यासारखं वाटू नये म्हणून नागाचा जेवढा जीव काढला त्याच्या प्रमाणात दहापर्यंत कवड्याही ठेवल्या.

एक मात्र राहिलंय. तिसाव्या फेरीलाही पहिल्या मजल्यावर पाच खोल्या कराव्या लागतात, आणि गेम खेळून बघणाऱ्यांपैकी दोघांनी तिथे कंटाळून सोडलं. सध्या नाग एकदा मारला की त्या मजल्याच्या तीनच खोल्या येतात आणि उंदीर एकेकटे न येता जोडीने येतात. जीव तोच, चावा तोच, फक्त दोघांचे दात वेगवेगळ्या वेळी दिसतात.

गेल्या शनिवारी सगळ्या पायऱ्या चढलेली फाइल पुन्हा वहिनीला दिली. दुसऱ्याच खोलीत मेली. मला हायसं वाटलं, तिला नाही. चार वेळा मेली, मधेच कुकर बघायला उठली, परत बसली. पाचव्या वेळी पहिला मजला पार झाला तेव्हा माझ्याकडे न बघताच म्हणाली, “तो दात काढतो ना, तेव्हा मागे व्हायचं. आधी सांगायला काय झालं होतं तुला?”